टाके का पिकतात

पेण-रोह्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला भात द्यायचा की नाही, यावर वॉर्डात जेवढा वाद होतो तेवढा औषधांवर होत नाही. भाताने पू होतो, वालाच्या बिरड्याने टाके पिकतात, आंबट खाल्लं की जखम चिघळते, अशी आमच्या भागात पक्की समजूत आहे. भात बंद केलेल्या पेशंटला डब्यातून तांदळाची भाकरी मात्र बिनधोक येते, आणि यातली गंमत कुणाच्या ध्यानात येत नाही. मी तीस वर्षं पेणमध्ये पॅथॉलॉजीची लॅब चालवली. रोह्याहून, नागोठण्याहून, वडखळच्या खाडीकडच्या गावांतून पुवाचे स्वॅब माझ्याकडे यायचे. सोबतच्या नातेवाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "काय खाल्ल्याने झालं, डॉक्टर?"

त्या प्रश्नाचं उत्तर या पुस्तिकेत आहे. ती वॉर्डातल्या सिस्टर, ड्रेसिंग करणारे कर्मचारी आणि तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी लिहिली आहे. तरुण लेखकांनी मला प्रस्तावना मागितली तेव्हा मी एकच अट घातली, की मी पुस्तिकेचं कौतुक करणार नाही, माझ्या टेबलावर आलेल्या एका प्रकरणाची हकिकत सांगेन. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. जंतूंचे तपशील तसेच ठेवले आहेत.

रोह्याच्या पुढच्या एका गावातला पन्नाशीचा शेतकरी. अंतर्गळ म्हणजे हर्निया बरीच वर्षं अंगावर काढलेला. भातकापणी आणि झोडणी उरकल्यावर त्याने ऑपरेशन करून घेतलं, जाळी बसवली. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढले होते. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सहाव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकाला लाली आली, हात लावला की दुखू लागलं, रात्री ताप भरला. सातव्या दिवशी एक टाका सोडला तर दाट पिवळा पू आला. डॉक्टर शहाणे होते. वर साचलेल्या चिकटीचा स्वॅब न घेता जखम सलाइनने धुऊन आतला पू त्यांनी सिरिंजमध्ये ओढला आणि दुपारच्या आत पाठवला. तालुक्याच्या ठिकाणी हे क्वचितच होतं. वरवरच्या स्वॅबमध्ये कातडीवरचे पाच प्रकारचे जंतू उगवतात आणि खरा गुन्हेगार त्या गर्दीत हरवतो.

काचपट्टीवर पू पसरून ग्रामचा रंग दिला की पाच मिनिटांत चित्र दिसतं. पांढऱ्या पेशींच्या गर्दीत जांभळे गोल ठिपके, द्राक्षाच्या घडासारखे. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० मध्ये गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं. घडाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्यांनी 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव ठेवलं. पुढे १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी सोनेरी वसाहती करणाऱ्या प्रकाराला 'ऑरियस' म्हटलं. आपल्याकडचे केसतोड, करट आणि मधुमेह्याच्या मानेवरची काळपुळी, ही बहुतेक वेळा याच जंतूची करणी. दुसऱ्या दिवशी रक्ताच्या अगारवर सोनेरी झाक असलेल्या वसाहती आल्या, सशाच्या प्लाझ्मात टाकल्यावर चार तासांच्या आत प्लाझ्मा गोठला. जंतू ठरला.

आला कुठून, हा पुढचा प्रश्न. नातेवाईक म्हणाले ऑपरेशन थिएटर घाण असेल, थिएटरमधल्या सिस्टर म्हणाल्या घरी शेणाच्या जमिनीवर बसला असेल. मी पेशंटच्या नाकाचा स्वॅब मागवला. दोन्ही नाकपुड्यांच्या पुढच्या भागातून, जिथे केस असतात तिथून, कापसाची काडी फिरवून घेतलेला. मीठ घातलेल्या मॅनिटॉल अगारवर तो पेरला. इतकं मीठ फार थोडे जंतू सोसतात, स्टॅफिलोकॉकस त्यांतला एक. दुसऱ्या दिवशी लाल माध्यम पिवळं झालं होतं. नाकातल्या जंतूला जी औषधं चालत होती आणि जी चालत नव्हती, ती यादी पुवातल्या जंतूच्या यादीशी तंतोतंत जुळली. अशी यादी जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, दाट संशय. पुरावा जनुकं वाचल्यावरच मिळतो आणि ती सोय माझ्याकडे नव्हती. पण ज्यांनी जनुकं ताडून पाहिली, त्यांना हेच दिसलं आहे. जर्मनीतल्या एका अभ्यासात, जो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस शिरलेल्या २१९ रुग्णांपैकी १८० जणांच्या नाकातला आणि रक्तातला जंतू एकच निघाला.

म्हणजे पुवाचा जंतू बहुधा बाहेरून आलेला नसतो, माणूस तो स्वतःच्या नाकात घेऊन हॉस्पिटलात येतो. निरोगी माणसांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोकांच्या नाकात हा जंतू कायम वस्तीला असतो, आणखी बऱ्याच जणांच्या नाकात तो येऊन-जाऊन असतो. तो नाकाच्या आतल्या ओलसर भागात फारसा राहत नाही. नाकपुडीच्या तोंडाशी जी कातडीसारखी पट्टी आहे तिथल्या कोरड्या पेशींतल्या प्रथिनांना तो चिकटून बसतो. तिथे तो काहीही करत नाही. शिंक नाही, दुखणं नाही, ताप नाही. आणि ती जागा बोटाच्या अगदी आवाक्यात आहे. नाकात बोट घालण्याची सवय असलेल्यांत हा जंतू जास्त आढळतो, हे नेदरलँड्समध्ये चक्क मोजून पाहिलेलं आहे. नाकातून बोटावर, बोटावरून जांघेत, काखेत, पोटाच्या कातडीवर असा त्याचा प्रवास दिवसभर चालू असतो. वस्तऱ्याने केस काढले की कातडीवर डोळ्यांना न दिसणारे शेकडो ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत तो वाढतो. म्हणून केस काढायचेच असले तर ऑपरेशनच्या थोडंच आधी, मशीनने कापावेत. आमच्याकडे आजही आदल्या संध्याकाळी न्हावी येतो.

इथे एक शंका रास्त आहे. नाकात जंतू असलेली इतकी माणसं भातकापणीत विळ्याने बोट कापून घेतात, खाडीत पायाला कालव लागतं, गणपतीच्या कारखान्यात पतरीने हात कापतो. त्या सगळ्यांना पू का होत नाही? याचं उत्तर १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर शोधलं. कातडीखाली नुसते जंतू टोचले तर फोड यायला काही दशलक्ष जंतू लागले. त्याच कातडीतून रेशमी टाका घातला तेव्हा शंभरेक जंतूंत काम झालं. धागा, जाळी, प्लेट, सळई, सलाइनची नळी असं परकं काहीही शरीरात असलं की जंतू त्याला चिकटून स्वतःभोवती चिकट थर बांधतो आणि पांढऱ्या पेशींना त्याला नीट गिळता येत नाही. शेतातल्या जखमेत धागा नसतो. आमच्या शेतकऱ्याच्या पोटात जाळी होती, शंभर जंतू पुरेसे होते.

त्यातून एक चूक झाली होती. ऑपरेशनआधी द्यायचं अँटिबायोटिक चीर घेण्यापूर्वी तासाभराच्या आत शिरेतून जायला हवं, म्हणजे कातडी कापताना रक्तात ते भरपूर असतं. सेफाझोलिन त्यासाठी पुरतं आणि स्वस्त आहे. या पेशंटला पहिलं इंजेक्शन टाके घालून झाल्यावर दिलेलं होतं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं, आणि घरी जाताना पाच दिवसांच्या गोळ्या. ज्या वेळी औषध हवं होतं तेव्हा ते नव्हतं, आणि नंतर पाच दिवस ते पोटातल्या-नाकातल्या इतर निरुपद्रवी जंतूंना मारत राहिलं. हे पाच दिवस फुकट जात नाहीत, त्यांचा हिशोब पुढे येतो.

शेतकऱ्याचा जंतू पेनिसिलिनला दाद देत नव्हता, पण सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ आलं. म्हणजे साध्या सेफालोस्पोरिनने काम होणार होतं. जखम उघडी करून पू काढला, दिवसातून दोनदा धुतली, सेफाझोलिन चालू केलं. जाळी वाचली. बारा दिवसांनी तो घरी गेला.

पण त्या बारा दिवसांत वॉर्डात दुसरं काही घडलं. त्याच्या शेजारच्या खाटेवर मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलेला एक तरुण होता. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सळई घालून, तीन आठवडे तिथे राहून तो उरलेल्या ड्रेसिंगसाठी गावाजवळ परत आला होता. जखमेच्या टोकाशी थोडी ओल होती, तिचा कुणी स्वॅब घेतला नव्हता. दहाव्या दिवशी पलीकडच्या खोलीतल्या सिझेरियन झालेल्या बाईचे टाके पिकले आणि पू माझ्याकडे आला. पुन्हा द्राक्षाचे घड, पुन्हा सोनेरी वसाहती. मात्र सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवतीचं वर्तुळ अवघं १२ मिलिमीटर. २१ किंवा त्याहून कमी असलं की त्याला मेथिसिलिन-रोधक समजायचं, म्हणजे एमआरएसए. मी मग त्या तरुणाचा स्वॅब मागवला. तोच जंतू, तीच औषधयादी. शेतकऱ्याचा जंतू मात्र यांच्यापासून सरळसरळ वेगळा होता. एकाच वॉर्डात त्याच बारा दिवसांत पू झालेली तीन माणसं, आणि गोष्टी दोन.

हे वर्तुळ मोजताना लॅबची चूक होते, ती सांगायला हवी. मेथिसिलिन हे औषध आता कुणी वापरत नाही, जंतूच्या नावात तेवढं उरलं आहे. त्याऐवजी ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची चकती ठेवतात, कारण तिच्यामुळे लपलेली रोधकता नीट उघड होते. प्लेट ३५ अंशांच्या वर ठेवली तर रोधक जंतूही गरीब दिसतो आणि अहवाल चुकीचा जातो. एप्रिल-मे महिन्यांत पेणमध्ये वीज गेली-आली की माझं इनक्युबेटर ३७-३८ ला जाऊन बसायचं. त्या दिवसांत किती एमआरएसए माझ्या हातून निसटले असतील, हे आठवून आजही बरं वाटत नाही.

आता रोधकता म्हणजे काय. जंतूभोवती भिंत असते आणि ती सतत बांधावी लागते. बांधणारे गवंडी म्हणजे काही खास प्रथिनं. पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन आणि त्यांच्या गोतावळ्यातली सगळी औषधं या गवंड्यांचे हात धरतात, भिंत अर्धी राहते आणि जंतू फुटतो. पेनिसिलिन आल्यावर जंतूने ते औषधच तोडणारं विकर वापरायला सुरुवात केली. मग त्या विकराला न तुटणारं मेथिसिलिन इंग्लंडमध्ये १९५९-६० च्या सुमाराला आलं. १९६१ मध्ये लंडनच्या कॉलिंडेल प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी हजारो नमुने तपासले आणि त्यांत मेथिसिलिनला न जुमानणारे तीन निघाले. तिन्ही एकाच हॉस्पिटलातले, पहिला मूत्रपिंड काढलेल्या रुग्णाच्या जखमेतला. या जंतूने औषध तोडलं नव्हतं. त्याने 'मेक-ए' नावाच्या जनुकावर लिहिलेला नवाच गवंडी कामावर ठेवला होता, ज्याचे हात ही औषधं धरू शकत नाहीत. म्हणून एमआरएसएवर एक सेफालोस्पोरिन चाललं नाही म्हणून दुसरं, महागडं दुसरं चाललं नाही म्हणून तिसरं, असं करण्यात अर्थ नसतो. अगदी थोडे नवे अपवाद सोडले तर सगळा गोतावळा एकदमच बाद होतो. पुढे २०१७ मध्ये जुन्या जपून ठेवलेल्या जंतूंची जनुकं वाचली गेली, तेव्हा कळलं की हा गवंडी जंतूत १९४० च्या दशकाच्या मध्यालाच शिरला होता. मेथिसिलिन जन्मण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी. पेनिसिलिनच्या माऱ्याने त्याला जागा करून दिली होती.

एमआरएसए फारसा जास्त विषारी नसतो, हे वॉर्डात कुणी सांगत नाही. एमआरएसए म्हटलं की सिस्टरच्या चेहऱ्यावर भीती दिसते. पण नाकातला साधा जंतू आणि हा, दोघांचा पू सारखाच. फरक इतकाच की आपण अंदाजाने दिलेलं औषध लागू पडत नाही आणि ते कळेपर्यंत चार दिवस जातात.

मग हॉस्पिटलातच तो का माजतो? गावात तो बहुधा दुबळा स्पर्धक असतो. नाकपुडीची जागा मोजकी, तिथे साधा जंतू आधीच बसलेला असतो. हॉस्पिटलात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे पाच-सात दिवस प्रत्येक खाटेवर चालू असतात. साधे जंतू मरतात, जागा मोकळी होते, आणि त्या औषधाला न मरणारा एकटाच आत येऊन बसतो. वर म्हटलेला हिशोब तो हाच. देशातल्या १५ मोठ्या हॉस्पिटलांनी २००८-०९ मध्ये मिळून २६ हजारांवर नमुने तपासले. स्टॅफिलोकॉकस ऑरियसपैकी ४१ टक्के एमआरएसए निघाले : ओपीडीच्या रुग्णांत २८, वॉर्डात ४२, अतिदक्षता विभागात ४३. ओपीडी आणि वॉर्ड यांच्यामधल्या या दरीत दाखल होणं, नळ्या, औषधं आणि हात हे सगळं आलं.

त्यातही हात. जंतूला पाय नाहीत. आमच्या प्रकरणात मी त्या वॉर्डात जाऊन ड्रेसिंगची ट्रॉली पाहिली. एकच फेरी, खाट क्रमांक एकपासून सुरू. मांडीची जखम तिसरी, सिझेरियनचे ताजे टाके सहावे. गॉजच्या ड्रममध्ये हात घालून गॉज काढला जात होता. सॅव्हलॉनच्या बरणीत चिमटा दिवसभर उभा, बरणीतलं पाणी आठवड्यातून एकदा बदललं जाई. हातमोज्यांची एक जोडी दोन-तीन पेशंटना पुरवली जाई, कारण खोके महिन्याला मोजून यायचे. हात धुवायचं बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, संडासाला लागून. तीस खाटांना एक सिस्टर असताना दर पेशंटमागे तिथे जाऊन येणं कुणालाही जमणार नाही, आणि तिला दोष देणाऱ्याने आधी ती फेरी स्वतः मारून पाहावी.

डॉक्टरांचा पहिला विचार होता सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नाकाचे स्वॅब घ्यावेत. मी अडवलं. कुणा तरी आयाच्या नाकात तो सापडणारच. तिने तो त्या तरुणाच्या ड्रेसिंगमधूनच उचलला असण्याची शक्यता जास्त. मग तिला घरी बसवायचं, गावात बोभाटा व्हायचा आणि ट्रॉली तशीच फिरत राहायची. सर्दी झालेला नाकवाहक सर्जन आपल्याभोवती जंतू उधळतो, अशी उदाहरणं नोंदलेली आहेत. पण ती विरळ. आधी हात आणि ट्रॉली. म्हणून फेरीचा क्रम बदलला : ताजे, कोरडे टाके आधी, पू असलेली जखम शेवटी, वेगळ्या ताटातून. गॉजचे छोटे पुडे बांधून वाफवायला घातले. प्रत्येक खाटेच्या दांडीला अल्कोहोलच्या हातचोळणीची बाटली टांगली. वीस-तीस सेकंद चोळलं की एमआरएसए तेवढाच मरतो जेवढा साधा. रोधकता अँटिबायोटिकपुरती असते, अल्कोहोलला त्याच्याकडे उत्तर नाही.

नाकातूनच त्याला हाकलता येत नाही का, असं वाचक विचारतील. येतं, काही काळ. मुपिरोसिनचं मलम पाच दिवस दोन वेळा नाकात आणि क्लोरहेक्सिडिनने आंघोळ. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वाहक रुग्णांना दाखल होताच हे दिल्यावर या जंतूचा संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ वर आला. पण त्या चाचणीतले जंतू साधे होते. आणि काही आठवड्या-महिन्यांत पुष्कळांच्या नाकात तो परत येतो. जाळी, प्लेट किंवा सांधा बसवायचा असेल तर ते पाच दिवस सार्थकी लागतात. सरसकट सगळ्यांना मलम वाटलं तर मुपिरोसिनलाही न जुमानणारा जंतू आपणच घडवू.

पुस्तिकेतलं एक प्रकरण मला धाडसी वाटलं, ते रुग्णांच्या जाण्या-येण्यावरचं. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की तिथल्या एमआरएसएमध्ये जुन्या हॉस्पिटली वंशाला मागे टाकून २२ आणि ७७२ क्रमांकाचे दोन वंश पुढे आले आहेत. यातला ७७२ हा आपल्याच उपखंडात घडलेला, आधी समाजात आणि मग हॉस्पिटलात शिरलेला. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. पेण-रोह्याचा अपघातग्रस्त अलिबागला, कामोठ्याला, मुंबईला जातो आणि तिथला जंतू घेऊन परत येतो. आणि त्याच्या डिस्चार्ज कार्डावर सळईचा नंबर असतो, जंतूचं नाव नसतं.

त्या सिझेरियनवालीची जखम लिनेझोलिडवर भरली. जाताना तिच्या कार्डावर 'एमआरएसए आढळला' असं लाल शाईने लिहावं, असा मी आग्रह धरला. तिच्या सासूबाईंना ते अपशकुनी वाटलं, नवऱ्याने "हा काय एड्ससारखा आजार आहे का?" असं विचारलं. समजवायला अर्धा तास गेला. दोन वर्षांनी ती दुसऱ्या बाळंतपणासाठी आली तेव्हा ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं होतं. सिस्टरने ते वाचलं आणि दाखल करून घेण्याआधी नाकाचा स्वॅब माझ्याकडे पाठवला. मॅनिटॉलच्या प्लेटवर तिसऱ्या दिवशीही काही उगवलं नाही.